अक्कानं पाठवलेली पॉलिसी

दुपारी जेवण उरकून मी ताट घासत होते तेव्हा ओट्यावरचा मोबाइल वाजला. मग परत वाजला, आणि परत. एकापाठोपाठ अकरा मेसेज. हात पुसून पाहिलं तर सगळे एकाच नंबरवरून आलेले. तो नंबर मी पुसला नव्हता, पण सहा वर्षांत त्यावरून मला काहीच आलं नव्हतं. माझ्या थोरल्या बहिणीचा, धुळ्याच्या अक्काचा.

मला वाटलं, काहीतरी वाईट झालं. पहिला मेसेज उघडला. सगळं इंग्रजी. कलम, उपकलम, आकडे, मध्येच तुटलेल्या ओळी. आरोग्य विम्याची पॉलिसी होती. कंपनीच्या ईमेलमधून मजकूर उचलून तिनं तुकड्या-तुकड्यानं चिकटवला होता. वर ‘कशी आहेस’ नाही, खाली ‘बघून सांग’ नाही. अकराव्या मेसेजचं शेवटचं वाक्य तर अर्ध्यातच संपलं होतं.

मी जळगावातल्या एका मोठ्या दवाखान्यात कॅशलेसच्या खिडकीवर बावीस वर्षं काढली. तळमजल्यावर, औषधांच्या दुकानाशेजारी. पेशंट भरती झाला की नातेवाईक विम्याचं कार्ड घेऊन माझ्याकडे यायचे. मी फॉर्म भरून कंपनीकडे मंजुरीला पाठवायचे, कंपनीनं शंका काढली की डॉक्टरांच्या मागे फिरून उत्तर आणायचे, आणि मंजुरी आली नाही तर ते सांगायचंही मीच. पॉलिसी नावाची चीज लोक घरी कपाटात ठेवतात आणि पहिल्यांदा वाचतात ती माझ्या खिडकीसमोर उभं राहून. खरं तर तेव्हाही वाचत नाहीत, माझ्या तोंडाकडे बघतात.

अक्काही एकदा अशीच उभी होती. भाऊजींना, म्हणजे तिच्या नवऱ्याला, हृदयविकाराचा झटका आला आणि धुळ्याहून त्यांना आमच्याच दवाखान्यात आणलं. मी तिथं आहे म्हणून. चौथ्या दिवशी कंपनीचं पत्र आलं. भाऊजी कितीतरी वर्षं रक्तदाबाच्या आणि साखरेच्या गोळ्या घेत होते, आणि विम्याच्या फॉर्मवर मात्र ‘कोणताही आजार नाही’ असं लिहिलेलं होतं. माहिती लपवली म्हणून क्लेम नामंजूर. खिडकीपुढे रांग होती. मी अक्काला ते पत्र वाचून दाखवलं, जसं रोज दहा जणांना दाखवायचे तसं, त्याच आवाजात. पाचव्या दिवशी भाऊजी गेले.

तेराव्यानंतर ती मला एवढंच म्हणाली, “त्या दिवशी तू माझी बहीण नव्हतीस. खिडकी होतीस.”

त्यानंतर आमचं बोलणं थांबलं. भांडण असं झालंच नाही. भांडण झालं असतं तर कुणीतरी मिटवलं असतं. दोन वर्षांपूर्वी आई गेली तेव्हा अक्का जळगावात मेहरूणला, माझ्या घरी, तेरा दिवस होती. तेराही दिवस ती मामींना सांगायची, “तिला म्हणा, दूध नासेल,” आणि मी मामींना सांगायचे, “त्यांना म्हणा, तापवून ठेवलंय.” मी लग्न केलं नाही. आईचं करण्यात वर्षं गेली. आई गेल्यावर वर्षभरात नोकरी संपली आणि घरात मी आणि फ्रिजचा आवाज राहिलो. कधी कधी दोन दोन दिवस माझा स्वतःचा आवाज मी ऐकलेला नसायचा. भाजीवाल्याला “कोथिंबीर कशी?” विचारलं की घशातून खरखर यायची.

तर त्या दुपारी मी ते अकरा मेसेज घेऊन बसले. तिनं काही विचारलं नव्हतं, मग काय सांगायचं? आधी लिहिलं, “काय झालं अक्का?” आणि पुसून टाकलं. विचारलं तर ती उत्तर देणार नाही, हे मला ठाऊक होतं. कदाचित पाठवलेलंही डिलीट करेल. तिनं मला पॉलिसी पाठवली होती, आणि पॉलिसी वाचता येणारी तिच्या ओळखीत मी एकटीच होते. मग जे मला येतं तेच करायचं ठरवलं.

पॉलिसी वाचायची माझी एक सवय आहे. पुढची गोडगोड पानं सोडून द्यायची. काय मिळणार ते एजंट सांगतोच. काय मिळणार नाही, कधीपर्यंत मिळणार नाही आणि मिळवायला काय करावं लागेल, या तीन गोष्टी शोधायच्या. आईच्या जुन्या डायरीच्या कोऱ्या पानांवर मी ते उतरवत गेले. संध्याकाळचे पाच वाजले. मग मराठीत लिहायला घेतलं, जितकं सोपं लिहिता येईल तितकं. कंपनीचं, ‘प्रतीक्षा कालावधी’ वगैरेचं मराठी टाळलं. लिहिलं ते साधारण असं:

“अक्का, पूर्ण वाचली. तू पाठवलंस त्यात पहिलं पान नाही. पॉलिसी कधी सुरू झाली, रक्कम किती आणि कंपनीनं तुझ्यापुरती वेगळी अट घातलीय का, ते त्या पानावर असतं. ते बघितल्याशिवाय खालचं पक्कं धरू नकोस.

पॉलिसी सुरू झाल्यापासून पहिले तीस दिवस कुठल्याच आजाराचे पैसे नाहीत, अपघात असेल तर आहेत. पॉलिसी घ्यायच्या आधीपासून जो आजार आहे, त्याचे तीन वर्षं नाहीत, आणि तेही तो फॉर्मवर लिहिला असेल तर. लिहिला नसेल तर ते क्लेम नाकारू शकतात, पॉलिसीही रद्द करू शकतात. काही ठरावीक गोष्टींना पॉलिसी घेतल्यानंतर त्या उद्भवल्या तरी थांबावं लागतं. मोतीबिंदू, हर्निया, मूळव्याध, पित्ताशयातले आणि मूत्रपिंडातले खडे, गर्भाशय काढणं, यांना दोन वर्षं. गुडघा बदलायला तीन.

गर्भाशयाच्या ओळीत पुढे एक वाक्य आहे. कर्करोगामुळे काढावं लागलं तर दोन वर्षांची अट लागू नाही.

कधीच मिळणार नाही ते: नुसत्या तपासण्यांसाठी भरती होणं, नुसती विश्रांती, दिसण्यासाठी केलेलं ऑपरेशन, डॉक्टरांनी न लिहिलेली टॉनिकं. हातमोजे, डायपर असल्या वस्तूंचे पैसेही आपणच भरायचे.

क्लेमसाठी: निदान चोवीस तास भरती हवी. काही छोटी ऑपरेशनं याला अपवाद आहेत, त्यांची यादी दिली आहे. ठरवून भरती व्हायचं असेल तर अठ्ठेचाळीस तास आधी कळवायचं. अचानक व्हावं लागलं तर चोवीस तासांच्या आत. कंपनीच्या यादीतला दवाखाना असेल तर कॅशलेस. नसेल तर सुटी झाल्यापासून तीस दिवसांत सगळे मूळ कागद पाठवायचे. खोलीच्या भाड्याला मर्यादा आहे. त्यापेक्षा महागाची खोली घेतली तर नुसतं भाडं नाही, डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर, सगळं त्या प्रमाणात कापतात. भरती होण्याआधीच्या साठ दिवसांतल्या त्याच आजाराच्या तपासण्या आणि औषधं मिळतात, म्हणून पावत्या टाकू नकोस.

शेवटचं पॉलिसीत नाही, माझं आहे. डॉक्टर थांबू नका म्हणत असतील तर पॉलिसीसाठी थांबायचं नाही.”

पाठवून दिलं आणि मोबाइल उलटा करून ठेवला. चहा टाकला. चहा उकळायच्या आत तो वाजला.

“गर्भाशयाचं परत लिही.”

सहा वर्षांनंतर माझ्या बहिणीनं मला लिहिलेले हे पहिले शब्द.

मी गॅस बंद केला. परत लिहिलं, आणखी सोपं करून. साधं आजारपण असेल, गाठ असेल, अंग बाहेर येत असेल आणि त्यासाठी गर्भाशय काढलं तर पॉलिसीला दोन वर्षं पूर्ण हवीत. कर्करोग निघाला आणि त्यासाठी काढलं तर ही दोन वर्षं लागू नाहीत.

“कर्करोग आहे हे कोण ठरवतं?”

“आतला तुकडा काढून तपासतात. त्याचा रिपोर्ट.”

निळ्या खुणा आल्या. पुढे काहीच नाही. मी फोन लावला, तिनं उचलला नाही. परत लावला, नाही. साठी ओलांडलेली बाई गर्भाशयाबद्दल का विचारते, हे कळायला मला डॉक्टर असायची गरज नव्हती. खिडकीवर असे किती कागद माझ्या हातून गेले होते.

सकाळी पहिली मिळेल ती धुळ्याची एसटी धरली. एरंडोल गेलं, पारोळा गेलं. दोन्ही बाजूंना कपाशी उभी होती, आणि मी सगळ्या वाटेत एकच वाक्य जुळवत होते. दार उघडल्यावर म्हणायचं वाक्य. धुळ्याला उतरेपर्यंत ते जुळलं नाही.

अक्काच्या दाराला आतून कडी होती. शेजारची म्हातारी ओट्यावर गहू निवडत होती. तिनं मला ओळखलं नाही, पण चेहरा बघून अंदाज केला असावा. “बहीण शे ना तू? बरं झालं उनी. त्या काहीच सांगतस नही, बठ्ठं मनमाच ठेवतस.” सगळं मनातच ठेवायची अक्काची सवय शेजारीही कळली होती.

अक्कानं दार उघडलं. बारीक झाली होती. केस पांढरे, पण भांग तसाच, शाळेत निघाल्यासारखा सरळ. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण होती, आणि निवृत्तीनंतरही घरात तशीच वावरायची.

“चप्पल बाहेर काढ,” ती म्हणाली. म्हणजे आत ये.

पाणी दिलं, चहा दिला, समोर बसली. मग, मी काही विचारायच्या आत, ती उठली आणि कपाटातून एक फाइल आणून माझ्या मांडीवर ठेवली. सोनोग्राफीचा रिपोर्ट होता. पाळी बंद होऊन बारा वर्षं झालेल्या बाईच्या गर्भाशयाचं आतलं अस्तर जाड झालेलं. सोबत डॉक्टरीण बाईंचा कागद, त्यावर रक्तस्राव पाच आठवड्यांपासून असं लिहिलेलं, आणि खाली, तातडीनं तुकडा तपासून घ्यावा. त्यावरची तारीख मी दोनदा वाचली.

“अक्का, याला अडीच महिने झाले.”

“हो.”

“आणि तू गेली नाहीस?”

“गर्भाशय काढावं लागेल म्हणाली ती. पॉलिसीला तेव्हा वीस महिने झाले होते. एजंटला विचारलं, तो म्हणाला दोन वर्षं व्हायला पाहिजेत, चार महिने थांबा. यादी मी पण वाचली, डिक्शनरी घेऊन. गर्भाशयापुढे चोवीस महिने लिहिलंय. पुढचं ते वाक्य मला लागलंच नाही. शब्द माहीत होते गं. अर्थ लागला नाही.”

“चार महिने अंगावर काढणार होतीस?”

“अडीच तर निघाले.”

मी तिच्यावर ओरडले. सहा वर्षांनी जिच्याशी बोलत होते त्या बहिणीवर, तिच्याच घरात. कुणी पैशासाठी असं करतं का, पॉलिसी नसती तर काय केलं असतंस, असं काहीबाही. ती शांतपणे ऐकत राहिली, आणि माझा श्वास संपल्यावर म्हणाली, “पैशासाठी नाही. परत नाकारलं तर, म्हणून.”

मी उठून ती फाइल माझ्या पिशवीत घातली.

त्याच दिवशी दुपारी आम्ही डॉक्टरीण बाईंकडे गेलो. त्या अक्काला खूप बोलल्या, आणि मला बरं वाटलं की माझ्याऐवजी त्या बोलताहेत. दोन दिवसांनी भरती न होता तुकडा काढला. रिपोर्टला आठवडा लागला. तो आठवडा मी धुळ्यातच राहिले. एका खोलीत दोन पलंग, मध्ये टेबलफॅन. ती पेपर वाचायची, मी भाजी निवडायचे. बोलायचो ते मिठाबद्दल, गॅसच्या टाकीबद्दल. घरात दुसरं माणूस आहे म्हणून एकटं वाटत नाही, असं मला वाटायचं. त्या आठवड्यात कळलं की तसं काही नसतं.

रिपोर्टमध्ये कर्करोग निघाला. सुरुवातीचा, गर्भाशयाच्या अस्तरातला. डॉक्टरीण बाईंनी सांगितलं तेव्हा अक्कानं मान हलवली आणि पहिला प्रश्न मला केला, “म्हणजे ते वाक्य आता लागू होतं?”

“होतं,” मी म्हटलं.

कंपनीच्या यादीतला दवाखाना धुळ्यातच मिळाला. ऑपरेशनच्या चार दिवस आधी आम्ही त्यांच्या कॅशलेसच्या टेबलाशी गेलो. तिथली पोरगी तिशीचीही नसेल, समोर गर्दी, एका कानाला फोन. मी टेबलाच्या या बाजूला पहिल्यांदाच उभी होते. फॉर्म मीच भरला. खोली विचारल्यावर अक्का म्हणाली, “एकटीची द्या.” मी तिला पॉलिसीचं पहिलं पान दाखवलं, भाड्याची मर्यादा दाखवली, आणि एकटीची घेतली तर बाकीच्या बिलालाही कशी कात्री लागेल ते समजावलं. तिनं मुकाट्यानं दोघींची खोली घेतली.

दुसऱ्या दिवशी त्याच टेबलाशी गेलो तर कंपनीची शंका आली होती. हा त्रास नेमका कधीपासून, पहिल्यांदा कुठल्या डॉक्टरला दाखवलं, त्याचा कागद द्या. साखर कधीपासून आहे. अक्का म्हणाली, “बघ. सुरू झालं.”

“शंका म्हणजे नकार नाही. ते विचारणारच. पॉलिसीच्या दुसऱ्याच वर्षी एवढं मोठं ऑपरेशन आलं की विचारतात.” मी फाइलमधून डॉक्टरीण बाईंचा तो पहिला कागद काढला, पाच आठवडे लिहिलेला. “साखरेचं फॉर्मवर लिहिलं होतंस?”

“सगळं लिहिलं होतं या वेळी. दाताची कीडसुद्धा.”

फॉर्मची प्रत तिच्याकडे होती. साखर, गोळ्यांची नावं, वर्षं, सगळं तिच्या त्या वळणदार अक्षरात. त्या अक्षरावर माझी नजर अडली, आणि ती माझ्याकडे बघायला लागली.

एक गोष्ट मी अजून इथं लिहिलेली नाही. भाऊजींचा क्लेम नाकारला तेव्हा पत्रासोबत त्यांच्या फॉर्मची प्रतही माझ्या टेबलावर आली होती. रक्तदाब, नाही. मधुमेह, नाही. कोणतं औषध चालू आहे, नाही. खाली सही भाऊजींची. पण ते ‘नाही’ तिन्ही ठिकाणी अक्काच्या अक्षरात होतं. लहानपणी माझ्या वह्यांना नावं तीच घालून द्यायची, ते अक्षर मी कुठंही ओळखलं असतं.

“तो फॉर्म मी भरला होता,” अक्का म्हणाली. टेबलाशी, गर्दीत. “एजंट म्हणाला, सगळीकडे ‘नाही’ लिहा, नाहीतर पॉलिसी मिळत नाही. यांचं अक्षर वाईट. म्हणून मी.”

“मला माहीत होतं.”

“कधीपासून?”

“त्याच दिवशी बघितलं होतं.”

तिनं चष्मा काढला. “आणि कुणालाच बोलली नाहीस?”

“नाही. आईलाही नाही.”

टेबलावरच्या पोरीनं, “मॅडम, कागद देताय ना?” असं विचारलं, आणि मी कागद दिले. पुढे आम्ही त्यावर बोललो नाही. मला वाटलं होतं ती रडेल, किंवा माझा हात धरेल. ती बाकावर जाऊन बसली आणि पदरानं चष्मा पुसत राहिली. सहा वर्षं तिला माझा राग होता, की मला ते अक्षर दिसलं असेल याची भीती होती, हे मी कधी विचारलं नाही.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मंजुरी आली. अक्कानं ते पत्र स्वतः वाचायला मागितलं. एकेका शब्दावर बोट ठेवून वाचलं, आणि एके ठिकाणी मला म्हणाली, “इथं लिहिलंय की अंतिम रक्कम बिल बघून. म्हणजे हे पक्कं नाही.” बरोबर वाचलं होतं तिनं. बिलातून शेवटी हातमोजे आणि असल्याच वस्तू तेवढ्या कापल्या. तुकडा तपासल्याचे पैसे मी महिन्याभरात कागद पाठवून मागितले, तेही मिळाले.

ऑपरेशन नीट झालं. आजार गर्भाशयाबाहेर गेलेला नव्हता. आणखी दीड महिना थांबली असती तर काय झालं असतं, असं मी डॉक्टरीण बाईंना एकदा एकांतात विचारलं. त्या म्हणाल्या, “ते नका विचारू.”

तीन आठवडे मी तिचं केलं. मऊ भात, ताक, गोळ्या, हात धरून गल्लीच्या टोकापर्यंत चालवणं. शेजारची म्हातारी रोज डोकावून जायची. बाविसाव्या दिवशी सकाळी अक्का स्वतः उठून केर काढताना दिसली. मी झाडू घ्यायला गेले तर तिनं दिला नाही. म्हणाली, “आता जा तू. तुझं घर किती दिवस बंद आहे.” आवाजात राग नव्हता. राहा असंही नव्हतं. मी पिशवी भरली. तिनं डब्यात कळण्याची, ज्वारी-उडदाची भाकरी आणि ठेचा बांधून दिला, आणि मी ओटा उतरायच्या आत दार लावलेलं ऐकू आलं.

आता दर तीन महिन्यांनी तिची तपासणी असते. आदल्या दिवशी तिचा मेसेज येतो, नुसती वेळ: ‘सकाळी दहा’. मी पहिल्या एसटीनं जाते. दवाखान्यात आम्ही शेजारी बसतो. डॉक्टरीण बाई सगळं ठीक आहे म्हणतात. मग तिच्या घरी जेवतो, ती वाढते, मी जेवते, आणि चारच्या गाडीनं मी परत निघते. मध्ये एकदा तिनं नवीन वर्षाचा विम्याचा हप्ता भरल्याचं कळवलं, एका शब्दात. मी ‘बरं’ लिहिलं. याहून जास्त आमच्यात काही जुळलं नाही, आणि जुळेल असं मला वाटत नाही. आम्ही दोघी आता उतारवयाच्या. गप्प राहायची सवय हाडात गेलेली.

मागच्या वेळी परतताना पारोळ्याच्या पुढे गाडी बंद पडली. सगळे उतरून रस्त्याच्या कडेला उभे राहिले. घरी उशिरा पोचेन हे कुणाला कळवायचं, म्हणून मी मोबाइल काढला. मेहरूणच्या घरात कळवण्यासारखं कुणी नाही, हे हातात मोबाइल आल्यावर आठवलं. तरी मी अक्काला लिहिलं, “गाडी बंद पडलीय.” तिनं ते वाचलं. खुणा निळ्या झाल्या. उत्तर आलं नाही. तीन-चार तासांनी दुसरी गाडी आली, आम्ही चढलो. जळगावला उतरून मी रिक्षा केली, घराचं कुलूप काढलं, दिवा लावला आणि तिला लिहिलं, “पोचले.” तेही तिनं लगेच वाचलं. जागीच होती ती, मोबाइल हातात घेऊन.